धाकटं गाव यादीत नाही

फॉर्मवाल्या बाईंचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधल्या बोळावर पत्रा टाकून केलेली खोली. लांबी चांगली, रुंदी इतकी बेताची, की समोर गिऱ्हाईक बसलं की मागच्याला उभंच राहावं लागे. टेबलावर एक संगणक, बाजूला छपाईचं यंत्र, त्यावर झाकायला जुन्या साडीचा तुकडा. दारातून समोर जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय दिसायचं, आणि बाईंची भाकरी त्या रुग्णालयावरच चालायची. उपचारांच्या मदतीचे, अपंगत्वाच्या दाखल्याचे, औषधांच्या सवलतीचे, असे जेवढे अर्ज संगणकावरून करावे लागतात, ते करायला लोक रस्ता ओलांडून त्यांच्याकडे यायचे.

बाई पंचावन्नच्या. संगणक यायच्या आधी त्यांनी एकवीस वर्षं टंकलेखन शिकवलं होतं. पुढे ती संस्था बंद पडली, यंत्रं वजनावर भंगारात गेली, तेव्हा शेवटच्या दिवशी बाई तिथं उभ्या राहून बघत होत्या म्हणतात. मग त्यांनी हातातल्या बांगड्या मोडून हा संगणक घेतला. बोटं मात्र तीच राहिली. समोरचा माणूस आपलं नाव सांगून होईपर्यंत बाईंनी वडिलांच्या नावाच्या रकान्यात उडी मारलेली असायची.

घरी नवरा. एस.टी.चा निवृत्त चालक. स्वयंपाक तोच करायचा आणि दुपारी डबा घेऊन दुकानात यायचा. तो म्हणायचा, "तू माणसाचं तोंड बघत नाहीस, त्याची जन्मतारीख बघतेस."

"तोंडाचा रकाना नसतो अर्जात," बाई म्हणायच्या.

त्यांना एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत. त्यांनी भरलेला अर्ज परत येत नसे. शेजारी झेरॉक्सवाला होता, तोही अर्ज भरायचा, पण निम्मे परत यायचे. कुणाचं आडनाव पुढे, कुणाचं वय उलटं. परत आलेले लोक मग बाईंकडे यायचे, आणि बाई न बोलता एकदाच भुवई उचलून कामाला लागायच्या.

पाथरवट त्यांच्याकडे पहिल्यांदा आला तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. रस्ता ओलांडायला त्याला दोनदा थांबावं लागलं होतं. वय चव्वेचाळीस, पण अंगावरचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. आधी तो जाती आणि पाटे घडवायचा. जात्यांना कुणी विचारेनासं झालं, तेव्हा खडी फोडायच्या यंत्रावर गेला, आणि चौदा वर्षं दगडाची धूळ ओढून छाती भरून घेतली. आता डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, की या माणसाला घरी हवेतून प्राणवायू काढणारं यंत्र लागेल. रुग्णालयात किती दिवस ठेवणार? खाटेला रांग होती. सरकारची एक योजना होती, अशा रुग्णाला ते यंत्र घरी वापरायला मिळायचं. अर्ज मात्र संगणकावरूनच.

पाथरवट खुर्चीत बसला आणि आधी श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "लोकांच्या छातीवर दगड असतो म्हणतात, ताई. माझ्या आत आहे."

त्याच्या बायकोनं पिशवीतून कागद काढले. ती खडी फोडणाऱ्यांच्याच पाळीवर पाट्या वाहायची, त्यामुळे तिचे तळवे बघितले तर वयाचा अंदाज आला नसता. कागद मात्र तिनं एकेक प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत ठेवले होते.

नाव झालं, वय झालं, आजार झाला. मग पत्ता आला.

पत्त्याचं काम असं असतं, की तिथं काही लिहायचं नसतं, निवडायचं असतं. आधी राज्य. राज्य निवडलं, की चाक फिरतं आणि त्या राज्याचे जिल्हे खाली उतरतात. जिल्हा निवडला की त्याचे तालुके. तालुका निवडला की त्याची गावं. वरचं निवडल्याशिवाय खालचं उघडत नाही, आणि वरचं बदललं की खालचं सगळं पुसलं जातं. बाईंची बोटं या पायऱ्या डोळे मिटून उतरायची. राज्य, जिल्हा, तालुका. "गाव?"

"धाकटं," बायको म्हणाली.

ओढ्याच्या अलीकडे थोरलं आणि पलीकडे धाकटं. नाव एकच, पुढचा शब्द तेवढा वेगळा. पूर्वी दोन्ही गावं एकाच तालुक्यात होती. आठ वर्षांपूर्वी तालुक्याचे दोन तालुके झाले, ओढा ही हद्द ठरली, आणि धाकटं नव्या तालुक्यात गेलं.

बाईंनी नवा तालुका निवडला होता. चाक फिरलं, गावं उतरली. त्यात धाकटं नव्हतं. बाईंनी पुन्हा वरून खाली बघितलं. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली असते आणि दिसते मराठीत, त्यामुळे भलतीच गावं शेजारी शेजारी येतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं स्पेलिंग धरून शोधलं. मग तालुका बदलून जुना घेतला. गावांची यादी पुसली गेली, नवी आली. तिथं थोरलं होतं. धाकटं तिथंही नव्हतं.

बाईंना याचं आश्चर्य वाटलं नाही. धाकट्याच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांनी पूर्वी भरले होते, दोघातिघांचे नोकरीचेही. यादीत नाही म्हटल्यावर त्या शेजारचं थोरलं टाकायच्या, आणि खाली जवळच्या खुणेच्या चौकटीत टंकून लिहायच्या, धाकटं, ओढ्यापलीकडे. आजवर एकही परत आला नव्हता.

"थोरलं टाकते," त्या म्हणाल्या.

पाथरवटानं मान वर केली. "थोरलं कशाला? आम्ही धाकट्याचे."

"यादीत नाही तुमचं गाव."

"गाव तर आहे. काल तिथूनच आलो."

"इथं नाहीये ना, दादा. आणि ही चौकट रिकामी ठेवली तर पुढे जाता येत नाही, लाल तारा आहे बघा. खाली लिहिते मी धाकटं म्हणून. काही होत नाही."

त्यानं बायकोकडे बघितलं. तिनं बाईंकडे बघितलं. मागं दोन माणसं उभी होती. "टाका मग," तो म्हणाला. "मशीनला कुठं कळतंय आपण कुठले."

बाईंनी थोरलं निवडलं आणि अर्ज पाठवला. पावती छापून दिली. पाथरवटाची बायको पावती नव्या पिशवीत घालत होती तोवर पुढचा माणूस खुर्चीत बसलाही होता.

तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात बायको एकटीच आली. म्हणाली, "यंत्र कधी येतंय तेवढं बघता का? मंजूर झाल्याचा निरोप येऊन बरेच दिवस झाले."

"निरोप दाखवा."

तिनं मोबाईल पुढे केला. निरोप इंग्रजीत होता. त्यात अर्जाचा क्रमांक होता, पाथरवटाचं नाव होतं, आणि शेवटी एक शब्द होता, तो नामंजूरचा. नाव आणि क्रमांक बघून घरच्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना यंत्र येणार म्हणून सांगितलंही होतं. यंत्र ठेवायला कोपरा रिकामा केला होता. भिंतीवर विजेचं नवं बटण बसवून घेतलं होतं.

बाईंनी संगणकावर अर्ज उघडला. नामंजुरीचं कारण एका ओळीत होतं: अर्जदार नमूद गावात राहत नाही.

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. एकवीस वर्षं टंकलेखन आणि त्यानंतर ही बारा वर्षं, इतक्या वर्षांत त्यांना कुणी चूक दाखवली नव्हती असं नाही, पण अशी नाही.

"काय म्हणतंय?" बायकोनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. सरकारी काम आहे, वेळ लागतो, एवढं म्हटलं तरी भागलं असतं, आणि लोकांना तेच ऐकायची सवय असते. बाई म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी थोरलं टाकलं, म्हणून चौकशी थोरल्यात गेली. तिथं हे सापडले नाहीत."

बायकोनं मोबाईल परत पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "ते तिथं कसे सापडतील?"

बाईंनी नवा अर्ज भरायला घेतला, तर त्याच ओळखपत्रावर आधीच अर्ज आहे, नव्वद दिवस दुसरा करता येणार नाही, असं आलं. जुना दुरुस्त करायला घेतला, तर पत्त्याच्या चौकटी राखाडी झाल्या होत्या. एकदा पाठवलेला पत्ता अर्जदाराला बदलता येत नाही. आणि बदलता आला असता तरी टाकायचं काय? धाकटं आजही यादीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि जिल्ह्याच्या कचेरीत गेल्या. बारा वर्षांत सुट्टीचा दिवस सोडून दुकान बंद ठेवायची ही पहिली वेळ. नवरा म्हणाला, "मी येऊ का?" त्या म्हणाल्या, "तू येऊन काय करणार, गाडी चालवणार?" आणि मग जिन्यावरून परत वर येऊन म्हणाल्या, "ये."

कचेरीच्या संगणक विभागात एक कारकून होता. चष्मा कपाळावर, समोर तीन पडदे. माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या पडद्यावर तीच यादी उघडून दाखवली. त्याच्याकडेही धाकटं नव्हतं.

"ही यादी आमची नाही, बाई. वरून येते. प्रत्येक गावाला एक क्रमांक असतो. अर्ज गावाच्या नावावर फिरत नाही, क्रमांकावर फिरतो. तुम्ही थोरलं निवडलंत, म्हणजे थोरल्याचा क्रमांक लागला, आणि अर्ज सरळ थोरल्याच्या तलाठ्याच्या मोबाईलवर जाऊन पडला."

"पण मी खाली लिहिलं होतं, धाकटं म्हणून."

"ते तुमच्या पावतीवर छापून येतं. तलाठ्याला फक्त नाव आणि घर क्रमांक दिसतो."

बाईंच्या नवऱ्यानं विचारलं, "मग धाकट्याचा क्रमांक गेला कुठं?"

कारकुनानं दुसरा पडदा उघडला, बराच वेळ खाली सरकवत राहिला. "तालुका फुटला तेव्हा जुन्या तालुक्यातून काढलाय. नव्यात घालायचा राहिलाय." मग जरा थांबून म्हणाला, "आठ वर्षं झाली."

"कुणी तक्रार नाही केली?"

"करतील कशी? तक्रारीच्या अर्जातही गाव निवडावं लागतं."

तो हे गमतीनं बोलला नव्हता.

नवा क्रमांक घालायचा तर गावच्या ग्रामसभेचा ठराव, तालुक्याचं पत्र, जिल्ह्याची शिफारस, मग वरून मंजुरी. चार महिन्यांपासून वर्षापर्यंत काहीही. तोवर या एका अर्जापुरतं एकच करता येण्यासारखं होतं. जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नामंजूर अर्ज पुन्हा उघडायचा, आणि थोरल्याच्या तलाठ्यानं ओढा ओलांडून धाकट्यात जाऊन, रुग्ण इथं राहतो आणि घरात वीज आहे, असा अहवाल द्यायचा.

"तो देईल का?" बाईंनी विचारलं.

"नियमात बसत नाही," कारकून म्हणाला. "तुम्ही विचारून बघा."

थोरल्याचा तलाठी आपल्या कचेरीत नव्हता, तिथल्या चहाच्या टपरीवर सापडला. त्याला तो अर्ज आठवत होता. "घर क्रमांक एक्केचाळीस. मी स्वतः गेलो होतो. ते गिरणीवाल्याचं घर. त्याला विचारलं, पाथरवट राहतो का, तर तो म्हणाला, इथं पीठ होतं, खडी होत नाही. मी काय लिहायला हवं होतं?"

"तुम्ही बरोबरच लिहिलंत," बाई म्हणाल्या.

हे त्याला अपेक्षित नव्हतं. लोक भांडायला येतात, त्याची त्याला तयारी असायची.

"ओढ्यापलीकडे माझी सही चालत नाही, बाई. उद्या कुणी आक्षेप घेतला तर माझ्यावर येतं. तिकडचा तलाठी वेगळा आहे, त्याला विचारा."

बाई आणि त्यांचा नवरा तिकडच्या तलाठ्याकडेही गेले. त्यानं आपला मोबाईल काढून दाखवला. त्याच्या ताब्यात पाच गावं होती, मोबाईलमध्ये चार दिसत होती. "तो अर्ज माझ्याकडे येतच नाही, तर मी अहवाल भरू कुठं?" तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. त्या दिवशी बाईंना भेटलेल्या प्रत्येक माणसाचं बरोबर होतं.

परतीच्या गाडीत नवरा म्हणाला, "चुकलं असेल कुणाचं तर त्या यादीचं."

"यादी मी निवडली का? गाव मी निवडलं," बाई म्हणाल्या, आणि मग घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या पुढं रोज दुपारी अर्धा दिवस दुकान बंद ठेवू लागल्या. अधिकाऱ्याच्या दारात बसल्या. पाथरवटाच्या बायकोकडून वीजबिल, मतदारयादीचं पान, शाळेचा दाखला, जे जे सापडेल ते घेतलं; त्या सगळ्या कागदांवर धाकटं होतं. अकराव्या दिवशी अर्ज पुन्हा उघडला. तो उघडल्याचा कागद घेऊन त्या थोरल्याच्या तलाठ्याकडे गेल्या आणि त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला.

"वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहिलंय म्हणजे लिहिलंय," तो म्हणाला. "पण मी जे बघेन तेच भरणार. फोटो काढावा लागतो, त्यावर ठिकाण आणि वेळ आपोआप येते. रुग्ण घरात दिसायला पाहिजे."

"दिसेल."

"उद्या सकाळी जातो."

पण त्याच दिवशी संध्याकाळी पाथरवटाला धाप लागली आणि ती थांबेना. गावातल्या एकानं जीपमध्ये घातलं आणि दिवस मावळायच्या आत रुग्णालयात आणून टाकलं. बाई दुकान बंद करत होत्या तेव्हा रस्त्यापलीकडे त्यांना त्याची बायको दिसली, हातात चपला घेऊन फाटकातून आत धावताना.

सकाळी दहाच्या सुमाराला बाईंचा मोबाईल वाजला. तलाठी होता. ओढा ओलांडून तो खरोखरच धाकट्यात गेला होता.

"बाई, घराला कुलूप आहे."

"ते इथं आहेत. रुग्णालयात. काल आणलं."

"शेजारी म्हणाले तसं. वीज आहे, बाहेरून मीटर दिसतोय. पण रुग्ण नाही. आता मी काय भरू?"

बाई रुग्णालयाच्याच व्हरांड्यात उभ्या होत्या. काचेच्या दारापलीकडे पाथरवट दिसत होता, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, छाती वरखाली होत होती. त्या म्हणाल्या, "साहेब, आज काहीच भरू नका. घरी सोडलं की मी कळवते. मग या."

"सात दिवसांची मुदत आहे. सात दिवस थांबतो," तो म्हणाला. "कुलूप आहे असं लिहिलं तर पुन्हा नामंजूर होईल ते." आणि मग, जणू आपण जास्त बोललो असं वाटून, त्यानं फोन ठेवला.

त्या दिवशी बाई तिथंच थांबल्या. एकदा मुखवटा जरा बाजूला करून पाथरवट त्यांना म्हणाला, "आलं का?" त्याला यंत्र म्हणायचं होतं.

"येतंय."

"थोरल्यात नका उतरवू हं. तिथून उचलून कोण आणणार." हसायला गेला आणि खोकल्यानं त्याला धरलं. बायकोनं मुखवटा परत बसवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती बाईंना म्हणाली, "तुम्ही जेवून या. तुमचा डबा आला असेल."

दुपारी साडेचारला पाथरवट गेला. डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बायकोनं आधी त्याच्या पायावरची चादर नीट केली. मग ती भिंतीशी खाली बसली. बाई तिच्या शेजारी बसल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण जे बोलायचं होतं ते त्या आधीच एकदा बोलल्या होत्या.

मृत्यूची नोंद रुग्णालयातच होते. खाली नोंदणीच्या खिडकीत एक कारकून बाई होती. पाथरवटाचा ओळख क्रमांक टाकल्याबरोबर तिच्या पडद्यावर सगळ्या चौकटी आपोआप भरल्या. नाव, वय, वडिलांचं नाव, आणि कायमचा पत्ता. राज्य, जिल्हा, जुना तालुका, थोरलं.

"ते चुकीचं आहे," फॉर्मवाल्या बाई म्हणाल्या. "ते धाकट्याचे."

"आधीच्या अर्जावरून आलंय. तुम्हीच भरलेलं असणार कुणीतरी." कारकून बाईनं पत्ता बदलायची चौकट उघडली, तालुका नवा घेतला, गावांची यादी खाली उतरली. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं, पुन्हा खालून वर बघितलं. "नाहीये."

"कागदावर हातानं लिहा."

"हातानं लिहिलेला दाखला कुठंच चालत नाही, तुम्हाला माहीत नाही का?" तिनं पाथरवटाच्या बायकोकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, गावाचं नाव यादीत येईपर्यंत थांबायचं का? नोंद झाल्याशिवाय नेता येणार नाही. काय करू?"

फॉर्मवाल्या बाई खिडकीपासून मागं सरकल्या. आता त्यांना बोलायचा हक्क नव्हता असं त्यांना वाटलं.

बायको खिडकीच्या कठड्याला धरून उभी होती. "आहे तेच राहू दे," ती म्हणाली. "मला त्यांना घरी न्यायचंय."

त्याला धाकट्यात नेलं. बाई आणि त्यांचा नवरा सोबत गेले. घरातल्या कोपऱ्यात भिंतीवर पांढरं नवं बटण होतं, खाली झाडून पुसून ठेवलेली चौकोनी जागा. बाईंनी तिकडे एकदाच बघितलं. नवऱ्यानं परत येताना त्यांचा हात धरला, तो दुकानाच्या गल्लीपर्यंत सोडला नाही.

आठ दिवस बाईंनी दुकान उघडलं नाही. उघडलं तेव्हा त्या वेगळ्या तऱ्हेनं काम करू लागल्या. एखाद्याचं गाव यादीत नसलं, की त्या हात मागं घ्यायच्या आणि सांगायच्या, "शेजारचं मी टाकणार नाही. आधी कचेरीत जाऊन अर्ज द्या, मी लिहून देते." लोकांना हे कुठून परवडणार? कुणाला उद्या ऑपरेशन असायचं, कुणाची मुदत संपत आलेली. ते उठून शेजारी जायचे, आणि झेरॉक्सवाला पाच मिनिटांत जवळचं कुठलं तरी गाव टाकून द्यायचा. त्यातले बहुतेक अर्ज पुढेही जायचे. बाईंच्या दारातली रांग अर्धी झाली.

एकदा झेरॉक्सवाला आत येऊन म्हणाला, "काकू, एवढं मनाला लावून घेऊन कसं चालेल? शंभरात एखादा फसतो."

"तो एखादा मी बघितलाय," बाई म्हणाल्या.

धाकट्याच्या ग्रामसभेचा ठराव बाईंनी स्वतः टंकून दिला. सरपंचाला त्यात विशेष रस नव्हता, तेव्हा पाथरवटाच्या बायकोनं घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या. तालुक्याचं पत्र निघायला दोन महिने लागले. जिल्ह्याच्या संगणक कारकुनानं शिफारस वर पाठवली, आणि बाई दर सोमवारी त्याला फोन करू लागल्या. तो कंटाळला नाही, किंवा कंटाळला तरी त्यानं फोन उचलायचं बंद केलं नाही.

मधल्या काळात पाथरवटाच्या बायकोला निराधार बाईला मिळणाऱ्या पेन्शनीचा अर्ज करायचा होता. ती बाईंकडे आली. बाईंनी यादी उघडून दाखवली. "अजून नाही आलं. थांबता का थोडं?"

"किती?"

बाईंना सांगता आलं नाही. बायको जरा वेळ खुर्चीत बसून राहिली. पाट्या वाहण्याचं काम तिनं सोडलं नव्हतं, पण आता तिलाही सकाळचा कोरडा खोकला लागला होता. ती उठली आणि म्हणाली, "राग धरू नका." आणि शेजारच्या दारात गेली. भिंत पातळ होती. झेरॉक्सवाल्याची बटणं वाजताना बाईंना ऐकू येत होती.

तो अर्ज परत आला नाही. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर थोरलं, अर्जावरही थोरलं. दोन्ही कागद जुळले. चौकशी यावेळीही थोरल्याच्या तलाठ्याकडेच गेली, आणि त्या तलाठ्याला ती बाई कोण आणि कुठं राहते हे चांगलंच माहीत होतं. त्यानं काय लिहिलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. दीड महिन्यात पेन्शन मंजूर झाली.

धाकटं यादीत आलं ते दहा महिन्यांनी. सोमवारी फोन करायच्या आधीच कारकुनाचा फोन आला. बाईंनी संगणक चालू केला, राज्य निवडलं, जिल्हा निवडला, नवा तालुका निवडला. चाक फिरलं. गावांच्या मध्ये कुठंतरी धाकटं होतं, इतर गावांसारखंच, काळ्या बारीक अक्षरात. बाईंनी ते निवडून बघितलं. निवडलं गेलं.

त्यांनी पाथरवटाच्या बायकोला निरोप पाठवला. ती दोन दिवसांनी आली. बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी बाईंनी ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

"तुमच्या पेन्शनीत दुरुस्ती करून घेऊ," बाई म्हणाल्या. "मृत्यूच्या दाखल्यातही. मी सगळं करते, तुम्हाला काही धावपळ नको."

"दुरुस्तीला टाकलं की मधे पेन्शन थांबते का?"

बाईंनी खरं तेच सांगितलं. "थांबू शकते. आधी दाखला बदलायचा, मग पेन्शनीचं. दोन्ही जुळेपर्यंत थांबते."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"मग नको," ती म्हणाली. "मी थोरल्याचीच राहते कागदावर. तेही थोरल्याचेच राहू देत. आमच्या पुढच्यांना धाकटं मिळेल, तेवढं झालं."

बाईंनी पडदा परत आपल्याकडे वळवला. बायकोनं पिशवीतून मोबाईल काढला आणि टेबलावर ठेवला. त्यात एक निरोप आला होता, इंग्रजीत, आणि आता ती असला कुठलाही निरोप बाईंना दाखवल्याशिवाय खरा मानत नसे. बाईंनी तो हळू आवाजात पूर्ण वाचून दाखवला, शेवटच्या शब्दापर्यंत. दवाखान्यातल्या तपासणीची तारीख होती, तिच्या छातीच्या फोटोची. बाईंनी ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहिली, कागद तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी येते तुमच्याबरोबर. दुकान बंद ठेवते."